रिपोर्टला स्पायरल, सेंटर पिन की परफेक्ट बाइंडिंग? आधी पानं मोजा

बाइंडिंगला रिपोर्ट द्यायच्या आधी पहिलं काम म्हणजे पानं मोजायची, आणि इथेच घोळ होतो कारण आपण कागदालाही पान म्हणतो आणि त्याच्या एका बाजूलाही. फाइलमध्ये ७२ दिसत असतील तर पाठपोट छापल्यावर कागद होतात ३६. साध्या ८० जीएसएम कागदाची जाडी साधारण ०.१ मिमी असते, म्हणजे गठ्ठा साडेतीन मिमीच्या आसपास.

आता हाच ७२ पानांचा ए४ रिपोर्ट घेऊ. सेंटर पिन (सॅडल स्टिच) करायचं तर ए३ कागद मधोमध दुमडून घडीवर पिना मारतात, एका कागदावर ४ पानं बसतात म्हणून एकूण पानं चारच्या पटीत लागतात, नाहीतर कोरी पानं जोडावी लागतात. ७२ ला ४ ने भाग जातो, कागद लागतात १८. पण १८ कागद एकात एक दुमडले की पुस्तिका फुगते, नीट मिटत नाही, आणि आतले कागद जवळपास २ मिमी बाहेर सरकतात. कडा कापून सरळ केल्या की मधल्या पानांचा बाहेरचा मार्जिन तेवढाच कमी होतो, पान नंबर अगदी कडेला असेल तर तो कापलाच गेला समजा. माझ्या मते साध्या कागदावर ४८ पानांच्या वर याच्या नादी लागू नये.

परफेक्टमध्ये कागदांच्या कडेला गोंद लावून कव्हर चिकटवतात. साडेतीन मिमीचा कणा म्हणजे जेमतेम, गोंदाला धरायला जागा कमी, त्यावर नाव छापायचं तर विसराच. तोच रिपोर्ट एकाच बाजूने छापला तर ७२ कागद, सात मिमी, मग मस्त बसतो. पण हे बाइंडिंग सपाट उघडत नाही, आतल्या बाजूचा सेंटीमीटरभर भाग घडीत जातो.

त्यामुळे दुसरं काम मार्जिनचं. स्पायरलची भोकंही साधारण तेवढीच जागा खातात, म्हणून दोन्हीसाठी बांधणीच्या बाजूला ३ ते साडेतीन सेंमी ठेवा. वर्डमध्ये Layout > Margins > Custom Margins मध्ये जाऊन Gutter ला १ सेंमी द्या, ते मूळच्या अडीच सेंमी मार्जिनमध्ये मिळवलं जातं, आणि पाठपोट असेल तर Mirror margins निवडाच, कारण मागच्या बाजूला बांधणी उजवीकडे येते, आणि हे विसरलं की एकाआड एक पानावर अक्षरं भोकात.

खात्री करायची तर वीसेक पानं पाठपोट छापा, बांधणीच्या कडेला सेंटीमीटरभर आत घट्ट क्लिप लावा आणि मधलं पान उघडून वाचा. ओळीची सुरुवात वाचायला पान दाबून धरावं लागलं तर मार्जिन वाढवा. वाढवल्यावर पानंही वाढतात बरं का, परत मोजा.

आणि रिपोर्ट टेबलावर उघडा ठेवून वापरायचा असेल किंवा शेवटच्या क्षणी एखादं पान बदलायची शक्यता असेल तर सरळ स्पायरल करा, दिसायला जरा साधं दिसतं पण या तिघांत हे एकच बाइंडिंग आहे जे सहज काढून पुन्हा घालता येतं.