डोक्याला लागलं असेल तर घरी जाणारी चिठ्ठी

चिठ्ठी लिहायला बसायच्या आधी फोन झालेला हवा. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावातून कितीतरी जण कामाला गोव्यात असतात, म्हणून हजेरीपटात वडिलांच्या नंबराखाली, मुलाला रात्री जवळ घेऊन झोपणाऱ्या माणसाचाही नंबर मी लिहून ठेवते. बहुतेक वेळा ती आजी असते. चिठ्ठी तिच्यासाठीच लिहायची.

मंगळवारचंच घ्या. चौथीतला मुलगा पाणी प्यायला उठला, दप्तराच्या पट्ट्यात पाय अडकला आणि बाकाच्या कोपऱ्यावर कपाळ आपटलं. डाव्या भुवईच्या वर बोराएवढं टेंगूळ आलं, त्यावर नखाएवढं खरचटलं. लगेच रडला, शुद्ध गेली नाही. ही सगळी माहिती घड्याळात बघून तेव्हाच वहीत उतरवायची, कारण डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात: किती वाजता, कुठून पडला, लगेच रडला का, उलटी झाली का, पडल्याचं त्याला आठवतं का. आम्ही जखम साध्या पाण्याने धुतली, फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटं धरला आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून आणलं. तिथला कागद इंग्रजीत होता. तो नुसता चिठ्ठीला टाचून उपयोग नाही, त्यातला मजकूर मराठीत उतरवायचा.

‘किरकोळ’ हा शब्द चिठ्ठीत घालू नका. एकदा मी तो घातला होता. रात्री पोराला दोनदा उलटी झाली आणि घरच्यांनी पोट बिघडलं असेल म्हणून सकाळपर्यंत वाट पाहिली. ‘बाईंनीच लिहिलंय की किरकोळ म्हणून,’ असं आजी म्हणाली. पोरगा सुखरूप निघाला, पण तो शब्द मी सोडला. ढकललं कुणी, चूक कुणाची, हेही चिठ्ठीत नको. दुसऱ्या मुलाचं नाव तर अजिबात नको, ती बोलणी समोरासमोर होतात. मात्र शिक्षक त्या वेळी वर्गात नव्हते, तर तसं लिहून टाकावं. मुलं घरी सांगतातच.

मंगळवारची चिठ्ठी अशी होती: “आज सकाळी 11:40 ला तुमचा नातू वर्गात अडखळून पडला. कपाळ बाकावर आपटलं. टेंगूळ आहे, थोडं खरचटलंय. शुद्धीवर होता, उलटी नाही. दवाखान्यात दाखवलं, सध्या धोक्याचं काही दिसत नाही म्हणून सांगितलंय. पण गुरुवार दुपारपर्यंत लक्ष ठेवायचं आहे. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारं डोकं दुखणं, उठवलं तरी नीट जागं न होणं, असंबद्ध बोलणं, चालताना तोल जाणं, झटका, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं गळणं, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट न बघता दवाखान्यात न्या. 108 ला फोन करा, मलाही करा.”

खाली दोन ओळी आजीच्या सवयी ओळखून घातल्या. टेंगूळ बाम लावून चोळू नका. आणि डोक्याला लागलंय म्हणून पोराला रात्रभर जागं ठेवू नका. झोपू द्या, मधे एक-दोनदा हलवून उठवा, ओळखतो का, नीट बोलतो का ते बघा. दुखण्याची गोळी डॉक्टरांनी लिहून दिलेलीच द्यायची, घरात मोठ्यांसाठी आणलेली नाही.

खरचटलेलं असलं की धनुर्वाताच्या इंजेक्शनचा प्रश्न येतोच. इथे लसीचं कार्ड मागायचं. पाच-सहा वर्षांचा डोस झालेला असेल, आधीचेही पूर्ण असतील, तर नऊ वर्षांच्या मुलाला अशा स्वच्छ, उथळ जखमेसाठी सहसा नव्याने टोचावं लागत नाही. कार्ड सापडत नसेल किंवा जखमेत माती, गंज गेला असेल, तर ते डॉक्टरांनी ठरवायचं. चिठ्ठीत एवढंच: “कार्ड उद्या दाखवा.”

चिठ्ठी दप्तरात टाकली की ती तिथेच राहते. न्यायला येणाऱ्याच्या हातात द्यायची, त्याच्यासमोर एकदा मोठ्याने वाचायची, सही किंवा अंगठा आपल्याकडच्या प्रतीवर घ्यायचा. वाचताना विचारायचं, रात्री गरज पडली तर गाडी कुणाची? शेवटची एसटी गेल्यावर गावात गाडी असणारी दोन-तीन घरंच असतात. आजीने शेजारच्या टेम्पोवाल्याचं नाव सांगितलं, मी त्याचा नंबर प्रतीवर लिहून घेतला.

रात्री आठला एक फोन, बुधवारी सकाळी दुसरा. पोरगा शाळेत आला तरी मैदानावर सोडायचा नाही, डॉक्टर सांगतील तोवर. पहिल्या बाकावर बसवायचा आणि डोकं दुखतंय म्हणाला तर मधल्या सुट्टीची वाट बघायची नाही. गुरुवारी दुपारी ‘ठीक आहे’ एवढं त्याच प्रतीवर तारखेसह लिहिलं आणि ती फाइलला लावली. बाकाचा कोपरा सुताराने रंधा मारून गोल केला, आता दप्तरं भिंतीकडे ठेवतो.