निधनवार्तेचा फोटो हिंदीत करण्याआधी

आमच्या पंचवटीतल्या शेजारच्या काकूंच्या सासूबाई गेल्या. मुलीचं सासर कानपूरचं, त्यामुळे व्याह्यांना पाठवायला निधनवार्तेचं हिंदी हवं होतं. माझ्याकडे आला तो चार ग्रुपमधून फिरून आलेला फोटो. तेव्हापासून अशा कामात मी आधी मूळ फोटो मागतो, तोही डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगतो. फिरत आलेल्या फोटोत टिंबं आणि आकडे पुसट होतात, आणि निधनवार्तेत तेच महत्त्वाचे असतात. ‘सौ.’पुढचं टिंब गेलं की हिंदी वाचणाऱ्याला ते शंभर वाटतं.

फोटो मिळाला की आधी तारखा वहीत उतरवून ताडून पाहा. काकूंच्या फोटोत निधन रविवारी, २ तारखेला होतं आणि दशक्रिया विधी ११ की १९ ला ते कळत नव्हतं, कारण पुसट १ आणि ९ सारखेच दिसतात. दहावा दिवस साधारणपणे निधनाचा दिवस धरून मोजतात, म्हणजे ११. शेजारी ‘मंगळवार’ छापलं होतं, तेही जुळलं. १९ ला बुधवार आला असता. एवढं जुळूनही घरी एक फोन करा. कानपूरहून निघणाऱ्याचं तिकीट त्या आकड्यावर ठरतं.

मग नावांआधीची अक्षरं. ‘कै.’चं हिंदीत ‘स्व.’ करा. ‘ह.भ.प.’ असेल तर पूर्ण ‘हरिभक्त परायण’ लिहा, तो मान आहे, गाळू नका. फसवतो तो ‘श्रीमती’ हा शब्द. आपल्याकडच्या निधनवार्तेत ‘सौ.’ न लिहिता ‘श्रीमती’ किंवा ‘गं. भा.’ लिहिलं, की यजमान आधीच गेलेत हे वाचणाऱ्याला बहुधा कळतं. हिंदीत श्रीमती कुठलीही विवाहिता. म्हणून यजमानांचं नाव विचारून ‘धर्मपत्नी स्व. अमुक’ असं लिहावं लागतं. ‘गं. भा.’ हिंदीत नेऊच नये; आता इथल्याही बऱ्याच बायकांना तो नको असतो.

सगळ्यात जास्त वेळ नात्यांना ठेवा. काकूंच्या कागदावर ‘दीर, जाऊ, भाचे, पुतणे, नातवंडे’ अशी एक ओळ होती. वाचायला सोपी, हिंदीत करताना प्रत्येक शब्दापाशी अडलो. दीर नवऱ्यापेक्षा मोठा असेल तर हिंदीत ‘जेठ’, धाकटा असेल तर ‘देवर’. जाऊबाईंचंही तसंच, जेठानी किंवा देवरानी. वय विचारल्याशिवाय शब्द निवडताच येत नाही, आणि मोठ्या दिरांना ‘देवर’ छापलं तर कानपूरकडच्या माणसांना ते लगेच खटकेल. ‘भाचे’ तर सरळ ‘भांजे’ वाटतात. पण गेलेली व्यक्ती बाई आहे, आणि आत्याला भावाची मुलंही भाचेच. हिंदीत ती ‘भतीजे’. बहिणीची मुलं असती तर ‘भांजे’ बरोबर होतं. शिवाय पुतणेही ‘भतीजे’च, म्हणजे मराठीतले दोन शब्द हिंदीत एकच झाले. मी तिथे ‘मायके और ससुराल पक्ष के भतीजे’ असं लिहिलं. थोडं लांबलं, पण माहेरची माणसं गळली नाहीत. नातवंडांसाठी ‘पौत्र-पौत्री’ लिहिलं की मुलींची मुलं सुटतात, म्हणून ‘नाती-पोते’. पुरुषाच्या वार्तेत ‘मेहुणे’ आले तर बायकोचा भाऊ की बहिणीचा नवरा, हे विचारा. ‘साला’ शोकपत्रात मी लिहीत नाही. ‘धर्मपत्नी के भाई’ लिहितो.

सूर सांभाळणं त्यामानाने सोपं. ‘देवाज्ञा झाली’चं ‘भगवान की आज्ञा हुई’ करू नका, ‘स्वर्गवास हो गया’ हेच तिकडे लिहितात. ‘वृद्धापकाळाने’ला ‘वृद्धावस्था के कारण’. ‘त्या अमुक यांच्या मातोश्री होत’ याला ‘अमुक की पूज्य माताजी’ शोभतं. मूळ कागदात आजाराचं नाव नसेल, नुसतं ‘अल्पशा आजाराने’ असेल, तर तुम्हाला माहीत असलं तरी घालू नका.

‘दशक्रिया’ तशीच ठेवून पुढे ‘दसवें दिन का संस्कार’ जोडा. तेरहवी किंवा उठावना लिहिलंत तर माणसं भलत्या दिवशी येतील. जागाही उलगडा: इथे नुसतं ‘रामकुंडावर’ पुरतं, तिकडे ‘रामकुंड, गोदावरी तट, पंचवटी, नासिक’ लिहा. वेळ सकाळची आहे हेही स्पष्ट लिहा, कारण रात्रीच्या गाडीने निघणाऱ्यांची पिंडदानाची वेळ चुकते.

शेवटी मजकूर घरातल्या जाणत्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा, फक्त नात्यांची ओळ. काकूंनी ऐकता ऐकता मला थांबवलं, “अरे, धाकटे दीर मागच्याच वर्षी गेले, त्यांच्या नावाआधी स्व. लाव.” मराठी कागदावर ते राहूनच गेलं होतं.