साबणासाठी क्राफ्ट कागदाचा डबा: कागद निवडण्यापासून डब्यावरच्या दाव्यापर्यंत

क्राफ्ट म्हणजे तपकिरी, मजबूत कागद. त्याचा डबा करायला घेतला की बहुतेक जण आधी डिझाइन करून घेतात आणि मग कागद शोधतात. हा क्रम उलटा हवा. क्राफ्टवर कोणता रंग टिकेल, अक्षर किती बारीक चालेल, घडी तडकेल की नाही आणि डब्यावर खरेपणाने काय लिहिता येईल, हे सगळे कागदावरच ठरते. उदाहरण म्हणून १०० ग्रॅमची, ८० × ५५ × २५ मिमी मापाची साबणाची वडी घेऊ आणि तिच्यासाठी १,००० डबे करू.

कागद हातात घेऊन तपासा

या वजनाला साधारण ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा क्राफ्ट बोर्ड पुरतो. विक्रेत्याने सांगितलेला आकडा पडताळण्यासाठी नमुन्यातून १० × १० सेंमीचा तुकडा कापून सोनाराच्या काट्यावर ठेवा. तो ३ ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. २.६ भरला तर तो २६०चा कागद आहे.

मग तुकडा फाडा आणि कड उजेडात धरा. कडेला लांब, केसाळ तंतू निघाले तर लगदा लांब तंतूंचा आहे आणि घडी नीट बसेल. कड आखूड आणि भुरभुरीत दिसली तर कागद बहुधा रद्दीच्या लगद्याचा, वरून तपकिरी रंग दिलेला आहे. त्यात वाईट काही नाही, साबणाला तोही चालतो. पण घडीवर तो लवकर तडकतो आणि एका लॉटचा रंग दुसऱ्या लॉटला जुळेलच असे नाही. ओले पांढरे फडके कागदावर घासून पाहा. फडक्यावर तपकिरी रंग उतरला तर ओलसर न्हाणीघरात तोच रंग साबणालाही लागेल.

तिसरी तपासणी ग्रेनची, म्हणजे तंतू कोणत्या दिशेने पडले आहेत याची. एका बाजूने ओला केलेला तुकडा वळतो आणि त्याची नळी होते. नळीची लांबी ज्या दिशेला, तीच ग्रेनची दिशा. ग्रेन डब्याभोवती आडवी फिरायला हवी. ती उभी आली तर दमट हवेत डब्याच्या बाजू फुगतात, आणि कोकणातल्या पावसाळ्यात हे हमखास दिसते.

तंतूंचा पोत दाखवायचा असेल तर तो कागदातूनच येऊ द्या. क्राफ्टवर तंतूंचे चित्र छापले की ते लगेच ओळखू येते. जास्त पोत हवा असेल तर साध्या क्राफ्टच्या डब्यावर हातकागदाची ४ सेंमी रुंद पट्टी गुंडाळा. पुण्यात हातकागद बनवण्याची जुनी परंपरा आहे, असा कागद तिथे मिळतो. सगळा डबा हातकागदाचा करू नका. त्याची जाडी एकसारखी नसते, त्यामुळे पंचिंगमध्ये, म्हणजे साच्याने डबा कापून घड्या दाबताना, त्या वेड्यावाकड्या बसतात.

माप आणि घडी

वडीच्या प्रत्येक मापात २ मिमी मोकळीक धरा. आतले माप ८२ × ५७ × २७ होते. चार बाजू आणि १५ मिमीची चिकटपट्टी मिळून रुंदी १८३ मिमी, वरची आणि खालची झाकणे धरून उंची १६२ मिमी. २० × ३० इंची शीटवर असे १२ डबे बसतात आणि ग्रेन शीटच्या लांब बाजूने धावत असेल तर ती आपोआप डब्याभोवती येते. १,००० डब्यांना ८४ शीट लागतात. छपाई आणि पंचिंगच्या जुळणीत जाणारी म्हणून आणखी ४०-५० धरा.

घडीची रेघ, म्हणजे क्रीज, पाडताना धातूची पट्टी बोर्डाला खालच्या खाचेत दाबते. घडी तडकण्याचे कारण बहुतेक वेळा कागद नसतो, ही खाच अरुंद असते. बोर्डाची जाडी ०.४ मिमी आणि क्रीजची पट्टी ०.७ मिमी असेल तर खाच सुमारे १.३ मिमी रुंद हवी: जाडीच्या दीडपट, अधिक पट्टीची जाडी. क्रीजवर उमटलेला उंचवटा घडीच्या आत राहिला पाहिजे. बाहेर आला तर तंतू ताणले जातात आणि रंगाला पांढुरकी रेघ पडते.

मातीच्या रंगांची छपाई

ऑफसेटची शाई पारदर्शक असते, म्हणून कागदाचा तपकिरीपणा प्रत्येक रंगात मिसळतो. पिवळा मळकट होतो, फिका निळा करडा दिसतो. काळा, गडद तपकिरी, बाटलीहिरवा, नीळ आणि गेरू मात्र शोभून दिसतात. चार रंगांच्या फोटोपेक्षा एक किंवा दोन ठरावीक रंगांत रेघांचे चित्र करा, खर्चही कमी येतो. पांढरे हवेच असेल तर तेवढा भाग स्क्रीन प्रिंटिंगने करून घ्या. त्यात शाईचा थर जाड बसतो.

क्राफ्ट शाई शोषतो आणि शाई थोडी पसरते. म्हणून ७ पॉइंटपेक्षा बारीक अक्षर नको. गडद पट्ट्यात कागदाच्याच रंगाचे कोरे अक्षर ठेवायचे तर ते १० पॉइंटचे आणि जाड ठशाचे घ्या. देवनागरीत रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरांची पोकळी सगळ्यात आधी भरते, तेव्हा नमुन्यात तेवढेच भिंगाखाली पाहा. किंमत, वजन, बॅच हा कायद्याने लागणारा मजकूर काळ्यातच ठेवा, कारण तो पार्श्वभूमीवर उठून दिसला पाहिजे असा नियम आहे. संगणकाच्या पडद्यावरचा रंग मंजूर करू नका, त्याच लॉटच्या कागदावर शाई लावून मागा. छापलेली शीट निदान एक रात्र वाळू द्या. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या फडक्याने घासल्यावर रंग आला तर पंचिंग थांबवा.

साबण पुरता मुरलेला नसेल तर तेलाचे डाग क्राफ्टमधून बाहेर दिसतात. थंड पद्धतीच्या साबणाला चार ते सहा आठवडे द्या आणि वडीला आत बटर पेपरचा थर घाला.

डब्यावर काय लिहावे

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणविषयक दाव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’ असे शब्द वापरले तर सोबत नेमका खुलासा आणि पुरावा लागतो. शिवाय दावा मालाबद्दल आहे की वेष्टनाबद्दल, हे स्पष्ट करावे लागते. नुसता तपकिरी किंवा हिरवा रंग हा गुन्हा नाही. फसवणूक होईल अशा रीतीने वापरलेले शब्द, चिन्हे आणि चित्रे अडचणीची ठरतात.

म्हणून आधी डब्यात काय काय आहे ते लिहून काढा: बोर्ड, शाई, गोंद, लेप, खिडकी. डब्याचा तुकडा रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी चोळा. पातळ पापुद्रा सुटून आला तर प्लॅस्टिकचे लॅमिनेशन आहे. क्राफ्टच्या उभ्या पाऊचमध्ये हा पापुद्रा बहुतेक वेळा सापडतो. लॅमिनेशन नसले तरी ‘प्लॅस्टिकमुक्त’ लिहायची घाई करू नका, कारण गरम गोंद आणि यूव्ही लेप हेही प्लॅस्टिकच्याच कुळातले.

आपल्या डब्यावर हे लिहिता येईल: ‘बाहेरचा डबा कागदी बोर्डाचा आहे, त्यावर प्लॅस्टिकचे लॅमिनेशन नाही. वापरानंतर कोरडा ठेवून रद्दीत द्या.’ यासाठी प्रिंटरचे लेखी पत्र मागून फाइलमध्ये ठेवा. ‘पुनर्वापरित कागद’ लिहायचे तर टक्केवारीसह गिरणीचे पत्र हवे. एफएससी हे जबाबदारीने सांभाळलेल्या जंगलांतल्या लाकडाचे प्रमाणपत्र. त्याचे चिन्ह कागद प्रमाणित आहे एवढ्यावर लावता येत नाही, जंगलापासून डब्यापर्यंतच्या साखळीतले प्रमाणपत्र डबा छापणाऱ्याकडेही लागते. ‘सोया शाई’ लिहिण्याआधी शाईच्या कंपनीकडून घटकांचे पत्रक घ्या. शाईत थोडे सोयातेल असले म्हणून सगळी शाई वनस्पतीजन्य होत नाही.

पुढच्या छपाईला बोर्ड, गोंद किंवा प्रिंटर बदलला तर ही सगळी पत्रे नव्याने घ्या, आणि ती हातात येईपर्यंत जुन्या मजकुराची प्लेट यंत्रावर चढवू नका.