फ्युचर्सचं मार्जिन खातं: या चुका टाळा

सगळ्यात जास्त डोकं उठवणारी चूक म्हणजे रोजचा एमटीएम, म्हणजे त्या दिवसाच्या भावाप्रमाणे खात्यात जमा किंवा वजा होणारा नफा-तोटा, खरेदीच्या भावापासून मोजणं. माझ्या भाच्यानं निफ्टी फ्युचर्सचा एक लॉट २४,००० ला घेतला. पाचव्या दिवशी त्याचा फोन आला, "मामा, ब्रोकरनं घोळ घातलाय. माझ्या हिशेबानं ७८ हजार गेलेत, लेजरमध्ये अठराच दिसतायत. बाकीचे नंतर कापतील म्हणून मी पोझिशन काढून टाकली."

त्याचा हिशेब पाहू. लॉटचा आकार आणि मार्जिन बदलत राहतात, म्हणून इथे लॉट ७५ चा आणि लागणारं मार्जिन, म्हणजे पोझिशनसाठी ठेवावी लागणारी अनामत, २,२०,००० धरतो. खात्यात रोख २,४०,००० होते.

| दिवस | सेटलमेंट भाव | त्या दिवसाचा एमटीएम | शिल्लक |
|---|---|---|---|
| १ | २३,९२० | −६,००० | २,३४,००० |
| २ | २४,०४० | +९,००० | २,४३,००० |
| ३ | २३,६८० | −२७,००० | २,१६,००० |
| ४ (४,००० भरले) | २३,५६० | −९,००० | २,११,००० |
| ५ (९,००० भरले) | २३,७६० | +१५,००० | २,३५,००० |

पहिल्या दिवशी तुलना खरेदीच्या भावाशी होते, त्यानंतर प्रत्येक दिवशी आदल्या दिवशीच्या सेटलमेंट भावाशी. म्हणजे दुसऱ्या दिवशी १२० अंकांचा फायदा, गुणिले ७५. पठ्ठ्यानं मात्र रोज २४,००० पासूनचा फरक काढला आणि पाचही आकडे बेरजेत घातले: −६, +३, −२४, −३३, −१८ हजार. एकच तोटा पुन्हा पुन्हा मोजला गेला. पडताळा अगदी सोपा आहे. शेवटच्या सेटलमेंट भावातून खरेदीचा भाव वजा करा आणि लॉटनं गुणा: −२४० गुणिले ७५, म्हणजे −१८,०००. रोजच्या एमटीएमची बेरीज एवढीच यायला हवी. ती येत नसेल तर ब्रोकरला फोन लावायच्या आधी आपली एक्सेल शीट उघडा.

थोडाफार फरक दिसला तर स्क्रीनवरचा शेवटचा भाव घेतला असेल. सेटलमेंट भाव हा त्या कॉन्ट्रॅक्टच्या शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची भारित सरासरी असतो.

आता तिसऱ्या आणि चौथ्या दिवसाकडे बघा. मार्जिनला कमी पडलेले ४,००० भरा असा ब्रोकरचा कॉल आला, त्यानं मोजून ४,००० भरले, संध्याकाळी पुन्हा ९,००० कमी. अमेरिकी पाठ्यपुस्तकं वाचून आलेल्यांना वाटतं की खाली मेंटेनन्स मार्जिनची वेगळी पातळी असते आणि तिथपर्यंत घसरलं तरी कोणी विचारत नाही. आपल्याकडे ती मधली मोकळीक नाही. लागणारं पूर्ण मार्जिन रोज खात्यात हवं. शिवाय बाजार उसळायला लागला की एक्स्चेंज मार्जिन वाढवतं, मग भाव जागचा हलला नाही तरी कॉल येतो. मी स्वतः कॉन्ट्रॅक्टच्या किमतीच्या तीन टक्के, इथे ५४,०००, मार्जिनच्या वर मोकळे ठेवतो. एवढे बाजूला ठेवणं जमत नसेल तर तो लॉट आपल्या ऐपतीबाहेरचा आहे, असं माझं साधं मत. उतावळ्यांना हे पटत नाही, मग तेच दुपारी यूपीआयची लिमिट संपली म्हणून ओरडत बसतात.

दुसरं जुनं दुखणं म्हणजे प्लेज केलेले, म्हणजे ब्रोकरकडे तारण ठेवलेले शेअर्स. "दहा लाखांचे शेअर्स पडलेत, मग कॉल कसला?" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर पाठ झालंय. शेअर्सच्या किमतीतून ठरावीक हिस्सा, म्हणजे हेअरकट, कापून मार्जिन मिळतं, तेही रात्रभर ठेवायच्या पोझिशनला निम्मं मार्जिन रोख किंवा रोखीसमान हवं या अटीवर. पण एमटीएमचा तोटा शेअर्समधून वळता होत नाही, तो लेजरमधल्या रोख रकमेतूनच जातो. रोख संपली की लेजर डेबिटमध्ये जातं आणि ब्रोकर त्यावर व्याज लावतो. वर बाजार पडताना त्या शेअर्सचे भावही पडतात, म्हणजे मार्जिन दोन्ही बाजूंनी आकसतं. तारण असो वा नसो, एमटीएमची रोख वेगळी ठेवाच.

तोटा रोखायला उलट बाजूची पोझिशन घेऊन हेज केलं असेल तर आधी हेजचा पाय काढू नका, उरलेल्या पायाला क्षणात पूर्ण मार्जिन लागतं.

आणि "फार तर खात्यातले जातील" या समजुतीवर २० एप्रिल २०२० चं एमसीएक्स या कमोडिटी एक्स्चेंजवरचं क्रूड सांगतो. लॉकडाऊनमुळे सौदे संध्याकाळी पाचलाच थांबले, तेव्हा एप्रिल कॉन्ट्रॅक्टचा भाव ९६५ रुपये होता. रात्री अमेरिकेत तेल शून्याखाली गेलं आणि सेटलमेंट झालं उणे २,८८४ ला. पाचच्या भावापासून धरलं तरी शंभर बॅरलच्या एका लॉटला खरेदीदाराचा ३,८४,९०० रुपयांचा तोटा, आणि पाचनंतर बाहेर पडायला दारच नव्हतं. खात्यात लाखभर असणाऱ्यांच्या नावावर उरलेली रक्कम देणं म्हणून निघाली.