छोट्या टबाचा नळ ठरवण्याआधी

समजा मडगावातल्या एका फ्लॅटमध्ये १२०० बाय ७०० मिलिमीटरचा ॲक्रिलिक टब बसवायचा आहे. नळ निवडण्याआधी टबाच्या काठाची रुंदी मोजा. काठावर बसणाऱ्या नळाला साधारण ३५ मिलिमीटरचं भोक लागतं, पण खालचा नट आणि वॉशर नीट टेकायला त्याहून बरीच मोठी सपाट जागा हवी. या टबाचा काठ ५५ मिलिमीटरचा आणि आतून गोलसर, म्हणून काठावरचा नळ इथेच बाद. काठ रुंद असता तरी खालून पान्याचा हात जाईल अशी उघडणारी फळी ठेवावी लागली असती. नाहीतर पुढे होज गळला की लाद्या फोडणं आलं.

मग भिंतीवरचा मिक्सर. चिऱ्याच्या जाड भिंतीत खाच पाडणं सोपं, पण फ्लॅटमधल्या चार इंची भिंतीत कन्सील्ड बॉडी बसवताना पलीकडचा गिलावा ढासळतो. अशा ठिकाणी बाहेर दिसणारा मिक्सर घ्या. त्याच्या गरम-थंड पॉइंटचं अंतर बहुधा १५० मिलिमीटर असतं, तरी हातातल्या नगावर मोजूनच गवंड्याला खूण करून द्या. स्पाउटची लांबीही पाहा. लाद्यांपासून १८० पुढे येणारा स्पाउट ५५चा काठ ओलांडून १२५ आत धार सोडेल. एवढं पुरतं.

उंचीची खूण मात्र टब पायांवर लेव्हलला बसल्यावरच करा. स्पाउटचं तोंड टबाच्या काठापेक्षा वर असलंच पाहिजे. शॉवरचा हँडसेट टबात बुडेल एवढा लांब असेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा घ्या. मे महिन्यात टाकी रिकामी झाली की लाइन उलट ओढते आणि टबातलं पाणी त्यात शिरू शकतं.

टाकीचं पाणी उतारावर येत असेल तर दर मीटर उंचीला सुमारे ०.१ बार दाब मिळतो. साडेतीन मीटरवर टाकी म्हणजे ०.३५ बार. काही सिंगल-लिव्हर मिक्सरना याहून जास्त लागतो, म्हणून खोक्यावरचा किमान दाब वाचूनच पैसे द्या.

टबाचं पाणी सोडणारा वेस्ट आणि जादा पाणी काढणारा ओव्हरफ्लो एकाच सेटचे घ्या. ओव्हरफ्लोची नळी ट्रॅपच्या, म्हणजे पाणी साठवून वास अडवणाऱ्या वळणाच्या, वर जोडली जाते. खाली गेली तर नहाणीचा वास सरळ टबात येईल. ट्रॅपमध्ये ५० मिलिमीटर पाणी उभं राहायला टबाखाली जागा लागते, ती पायांचे स्क्रू फिरवून काढा. वेस्टचा पाइप ४० मिलिमीटरचा, उतार मीटरमागे सुमारे २५ मिलिमीटर. ओव्हरफ्लोचा तिरका रबर वॉशर टबाच्या बाहेरच्या बाजूने बसतो. तो उलटा लागला की गळती भिंतीमागे होते आणि दिसत नाही.

टबाच्या बाजूची फळी लावण्याआधी वेस्ट बंद करून टब ओव्हरफ्लोच्या वर भरा. प्रेशर पंप असेल तर तो चालू ठेवा, नळ पूर्ण सोडा. पाणी काठाकडे चढत राहिलं तर ओव्हरफ्लो त्या नळाला अपुरा आहे: नळाचा प्रवाह कमी करा. मग वेस्ट उघडा आणि प्रत्येक जोडावरून कोरडा टिश्यू फिरवा.