बंदरात अडकलेल्या मशीनची चौकशी : क्लिअरिंग एजंटला फोन लावण्याआधी

मागच्या हंगामात तासगावच्या आमच्या बेदाणा युनिटसाठी चीनहून मागवलेला कलर सॉर्टर, म्हणजे रंगावरून बेदाणा निवडणारं मशीन, न्हावाशेवाला सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात, अकरा दिवस पडून होता. शेडवरून बेदाणा यायला लागला होता आणि मी रोज कस्टममधून माल सोडवून देणाऱ्या एजंटला विचारत होतो, "साहेब, आपल्या मालाचं काय झालं?" उत्तर ठरलेलं, "प्रोसेसमध्ये आहे." ते खरंही होतं. प्रश्नच मोघम असल्यामुळे उत्तरही मोघम येत होतं.

म्हणून फोनच्या आधी आयात मालासाठी कस्टमकडे दाखल होणाऱ्या बिल ऑफ एंट्रीचा क्रमांक आणि तारीख हाताशी घ्या. कस्टमच्या आइसगेट या संकेतस्थळावर लॉगिन न करताही बिलाची स्थिती पाहता येते. बंदराचा कोड (न्हावाशेवाचा INNSA1), क्रमांक आणि तारीख टाकली की बिल तपासणीत आहे का, अधिकाऱ्याने शंका काढली आहे का, ड्युटी भरायची राहिली आहे का, की आउट ऑफ चार्ज झालं आहे, म्हणजे कस्टमने माल सोडायला परवानगी दिली आहे, हे बऱ्यापैकी कळतं. बिल दाखलच झालं नसेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तेवढंच विचारा, कारण उशिराचं शुल्क दिवसावर चढतं. आउट ऑफ चार्ज झालं असेल तर अडचण कस्टमची नाही, शिपिंग लाइनच्या डिलिव्हरी ऑर्डरची किंवा सीएफएसच्या भाड्याच्या बिलाची आहे.

आमच्या बिलावर शंका निघाली होती. अशा वेळी एजंटकडून सारांश घेऊ नका, अधिकाऱ्याचे मूळ शब्द मागून घ्या. आम्ही मशीन कस्टमच्या दरपत्रकातल्या ८४३३ या शीर्षकाखाली दाखवलं होतं. त्यात फळं आणि इतर शेतमाल निवडायची यंत्रं येतात. अधिकाऱ्याचं म्हणणं, हे ८४३७ मध्ये, म्हणजे बी-बियाणं, धान्य, कडधान्य निवडायच्या यंत्रांत का बसू नये? कॅटलॉग जोडा. एजंटने मला फक्त "कागद मागितलेत" एवढंच सांगितलं होतं. कॅटलॉग तर मी पहिल्याच दिवशी मेल केला होता.

इथेच मला कळलं, की एजंटला दिलेला कागद आणि कस्टमला पोहोचलेला कागद हे वेगळे. कागद ई-संचित या कस्टमच्या ऑनलाइन व्यवस्थेवर चढला की त्याला एक आयआरएन क्रमांक मिळतो, आणि तो क्रमांक आपल्या बिलाला जोडला गेला तरच अधिकाऱ्याला दिसतो. कॅटलॉग एजंटच्या मेलमध्येच राहिला होता. म्हणून दिलेल्या कागदांची यादी करताना प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा : कागदाचा क्रमांक व तारीख, एजंटला कधी दिला, आणि आयआरएन. आमच्या यादीत इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग लाइनची मालाची पावती म्हणजे बिल ऑफ लेडिंग, विमा, जहाजाच्या भाड्याचं बिल आणि कॅटलॉग होते. तिसरा रकाना फक्त कॅटलॉगपुढे रिकामा निघाला. यादी करताना पॅकिंग लिस्टमधलं वजन आणि नग बिल ऑफ लेडिंगशी जुळतात का, तेही बघून घ्या. सवलतीच्या दरासाठी मूळ देशाचा दाखला दिला असेल तर तोही यादीत हवा.

मग मी फोन न करता हा मेल पाठवला :

"साहेब, नमस्कार. बिल क्रमांक व तारीख वर दिली आहे. शंकेचा मूळ मजकूर पाठवावा. सोबतच्या यादीतल्या कागदांचे आयआरएन तपासावेत. कॅटलॉगचा आयआरएन माझ्याकडे नाही. तो अपलोड झाला का, बिलाला जोडला का, आणि शंकेचं उत्तर कोणत्या तारखेला दाखल झालं, एवढं आज कळवावं. भाडं न लागणारे फ्री दिवस कधी संपतात तेही सांगावं."

उत्तर त्याच दुपारी आलं. पण कॅटलॉग नुसता चढवून भागलं नसतं. त्यात तांदूळ आणि डाळींचीच चित्रं होती, आणि त्यामुळे अधिकाऱ्याचा संशय पक्का झाला असता. आम्ही निर्मात्याकडून त्या मॉडेलचं पत्र घेतलं. मशीनची फीडिंगची रचना आणि कॅमेऱ्यांचं सेटिंग बेदाण्यासाठी केलं आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. दोन्ही कागद एकत्र गेले. आता मूल्यांकन फेसलेस आहे. बिल तपासणारा अधिकारी दुसऱ्याच बंदरावर बसलेला असू शकतो. सांगलीहून गाडी काढून न्हावाशेवाला जाण्यात दिवस गेला असता आणि समजावून सांगायला समोर कुणी नसतं. कागदानेच बोलावं लागतं.

खर्चाचं गणितही विचारून ठेवा. सीएफएसचं भाडं आणि शिपिंग लाइनचं कंटेनर डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकवून ठेवल्याचं शुल्क, ही दोन वेगळी बिलं आहेत, दोघांचे फ्री दिवस वेगळे. शंकेचा निकाल लांबणार असं दिसलं तर कंटेनर रिकामा करून माल सीएफएसमध्ये उतरवता येईल का, हे एजंटला आताच विचारा; रिकामा कंटेनर लाइनला परत गेला की डिटेन्शन थांबतं. आणि उतरवल्यापासून ३० दिवसांत माल सोडवला नाही, तर कस्टम कायद्याच्या ४८व्या कलमाखाली नोटीस देऊन तो विकता येतो. त्यामुळे माल उतरल्याची तारीख यादीच्या अगदी वर लिहा.