सहा पडेपर्यंत थांबायचे गणित: या चुका टाळा

ल्युडोत सहा पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर निघत नाही. फासा सरळ असेल तर दर वेळी सहा पडण्याची संभाव्यता p = १/६. पहिले सहा पडायला किती वेळा फासा टाकावा लागेल, हा प्रश्न जॉमेट्रिक वितरणाचा. तिसरे सहा पडेपर्यंत किती, हा नेगेटिव्ह बायनॉमियलचा. सूत्रे दोन ओळींत मावतात, तरी मुलांचे गुण इथे हमखास जातात, आणि बहुतेक वेळा त्याच त्या जागी.

सरासरी म्हणजे हमी नव्हे

सरासरी १/p, म्हणजे इथे ६. त्यावरून "सहा वेळा टाकले की एकदा सहा पडतेच" असे धरले जाते. पडताळून पाहा. सहाही वेळा सहा न पडण्याची संभाव्यता (५/६)⁶, म्हणजे सुमारे ०.३३५. दर तीन खेळाडूंमागे जवळपास एक जण सहा डाव टाकूनही घरातच बसलेला असतो. उलट बाजूने, चार डावांत सहा पडण्याची संभाव्यता १ − (५/६)⁴ = ०.५१८. म्हणजे मध्यक ४ आणि सरासरी ६. काही जणांना फार लांब थांबावे लागते, तेच सरासरीला वर ओढतात.

याच गैरसमजाची पुढची पायरी म्हणजे "दहा वेळा पडले नाही, आता पडणारच". फाशाला मागचे काही आठवत नाही. दहा वेळा हुकल्यावरही पुढची सरासरी प्रतीक्षा पुन्हा सहा डावांचीच. उत्तरात १० आधीच गेले म्हणून ६ मधून काही वजा केलेले दिसले, तर चूक तिथेच आहे.

शेवटची जागा ठरलेली असते

तिसरे सहा बरोबर दहाव्या डावाला पडण्याची संभाव्यता काढू. पुष्कळ जण दहापैकी तीन जागा निवडतात, १२० हा आकडा घेतात आणि उत्तर ०.१५५ लिहितात. हे उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे आहे: दहा डावांत एकूण तीन सहा, कुठेही पडले तरी चालेल. तो द्विपद वितरणाचा प्रश्न. आपल्या प्रश्नात दहावा डाव सहाचाच असायला हवा, नाहीतर आपण तिथे थांबलोच नसतो. म्हणून उरलेल्या दोन सहांना पहिल्या नऊ डावांतच जागा शोधायची. नऊपैकी दोन जागा ३६ प्रकारे निवडता येतात:

३६ × (१/६)³ × (५/६)⁷ = ०.०४६५

पडताळा सोपा आहे. त्या १२० रचनांपैकी शेवटी सहा असलेल्या ३६, म्हणजे ३/१० भाग, आणि ०.१५५ चे ३/१० केले की ०.०४६५ येते. प्रश्नातला "बरोबर दहाव्या" हा शब्द "दहाव्यापर्यंत" असा बदलला तर मात्र द्विपदाकडेच जा: दहा डावांत निदान तीन सहा, उत्तर सुमारे ०.२२५.

मोजतोय काय, डाव की हुकलेले डाव?

सगळ्यात छुपी चूक ही. काही पुस्तके एकूण डाव मोजतात, काही फक्त हुकलेले. दोन्ही बरोबर आहेत, पण सूत्र एकाचे आणि आकडा दुसऱ्याचा घेतला की घोटाळा. पायथनच्या `scipy` मध्ये तर एकाच ठिकाणी दोन्ही रीती आहेत: `geom` एकूण डाव मोजते, `nbinom` हुकलेले.

```python
from scipy.stats import geom, nbinom
geom.pmf(4, 1/6)        # 0.0965
nbinom.pmf(7, 3, 1/6)   # 0.0465
nbinom.pmf(10, 3, 1/6)  # 0.0493
```

पहिली ओळ बरोबर चौथ्या डावाला पहिले सहा पडण्याची. दहा डावांत तीन सहा म्हणजे सात हुकलेले, म्हणून दुसऱ्या ओळीत ७. तिसऱ्या ओळीत सवयीने १० लिहिले गेले. तो तेराव्या डावाचा आकडा आहे. तो खऱ्या उत्तराच्या इतका जवळ आहे की नुसत्या नजरेला पटून जातो, म्हणूनच ही चूक महिनोन्‌महिने सापडत नाही. यावर मी एकच सवय लावून घेतली आहे: आधी सरासरी विचारायची. `nbinom.mean(3, 1/6)` चे उत्तर १५ येते. तिसऱ्या सहापर्यंत सरासरी १८ डाव लागायला हवेत. १५ आले म्हणजे यात तीन यश धरलेले नाहीत. `R` मध्ये `dgeom` आणि `dnbinom` दोन्ही हुकलेलेच मोजतात, त्यामुळे तिथे चौथ्या डावासाठी `dgeom(3, 1/6)` लिहायचे.

p बदलत असेल तर

पत्त्यांच्या जोडातून एक्का निघेपर्यंत पाने ओढायची, ओढलेले पान परत ठेवायचे नाही. इथे ४/५२ घेऊन सरासरी १३ पाने सांगणे चूक. प्रत्येक पानानंतर जोड लहान होतो आणि p बदलतो. चार एक्के उरलेल्या ४८ पानांचे पाच गट पाडतात; प्रत्येक गट सरासरी ९.६ पानांचा, त्यानंतर एक्का, म्हणून खरी सरासरी १०.६. पान परत ठेवून पत्ते पिसले तरच १३.